वाढते क्लिक, बिघडता सूर

जून तोंडावर आला की जैनथच्या बाजारात सरकीच्या जाहिराती दोन जागी दिसू लागतात. एक कृषी केंद्राच्या दारावर टांगलेल्या फ्लेक्सवर आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर. फ्लेक्सवर टपोरी बोंडं असतात, एकरी उताऱ्याचा आकडा असतो, दुकानदाराचा नंबर असतो. फोनवरच्या जाहिरातीतही हेच सगळं असतं, पण तिच्याखाली लोकांना लिहिता येतं. कोणी ‘रेट काय’ विचारतो, कोणी मित्राचं नाव जोडून त्याला बोलावतो. आणि कोणी लिहितो, ‘भाऊ, दहा दिवस झाले लावून, अर्धं वावर रिकामं हाय.’ ही पुस्तिका या शेवटच्या माणसाविषयी आहे. जाहिरात चालवणाऱ्याने त्याचं म्हणणं कधी ऐकावं, कसं मोजावं आणि त्यावरून काय ठरवावं, एवढाच तिचा विषय आहे.

जाहिरातीचा हिशेब आजवर क्लिकवर होत आला आहे. किती जणांना दिसली, किती जणांनी दाबली, एका क्लिकला किती रुपये पडले. हे आकडे खोटे नसतात. मात्र माणसाने कशासाठी बोट लावलं हे त्यांतून कळत नाही. माल घ्यायचा म्हणून लावलेलं बोट आणि राग आला म्हणून लावलेलं बोट त्यांच्या लेखी सारखंच. शिवाय त्यांना उशीर होतो. क्लिक खाली येऊ लागले हे कळेपर्यंत पैसा बराच गेलेला असतो, आणि बियाण्याच्या बाबतीत तर पेरणीही उरकलेली असते.

जाहिरातीखालचा आवाज ऐकूच आला नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण इथून पैनगंगा ओलांडली की सापडतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांविषयी २००८ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक मजकूर आला होता. बीटी कापसाने या गावांचं नशीब पालटलं, इथे एकही शेतकरी आत्महत्या झालेली नाही, असा त्याचा आशय होता. ऑगस्ट २०११ मध्ये जवळजवळ तोच मजकूर पानभर जाहिरातीसारखा पुन्हा छापला गेला. पुढे मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला गेली, तेव्हा संतापलेल्या गावकऱ्यांनी सदस्यांना सांगितलं की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. मे २०१२ मध्ये पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त हे सगळं सविस्तर लिहिलं. त्याच सुमारास बीटी बियाण्यांच्या जाहिरातींमधल्या काही दाव्यांविषयी भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार गेली होती, आणि त्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचं परिषदेने म्हटलं.

यातली मला खटकणारी गोष्ट मधल्या काळाची आहे. जाहिरातीत ज्यांच्या गावाचं नाव होतं, त्यांचं त्या जाहिरातीविषयी काय मत आहे हे बाहेर यायला कित्येक महिने लागले आणि त्यासाठी दिल्लीहून समिती यावी लागली. छापील पानाखाली गावकऱ्याला ओळ लिहायची सोय नव्हती. आज ती सोय आहे. तरीही ती ओळ दुकानदारापर्यंत आणि दुकानदाराकडून कंपनीपर्यंत पोचेलच असं नाही. पोचण्याच्या वाटेत ती कुठे कुठे अडते, हे मी पुढे मांडतो.

आधी आकड्यांमधला एक फसवा कोपरा पाहू. फेसबुकच्या जाहिरात अहवालात क्लिकचे दोन वेगळे रकाने असतात. एक Clicks (all) आणि दुसरा Link clicks. दुसऱ्या रकान्यात फक्त जाहिरातीतल्या दुव्यावरचे क्लिक येतात, म्हणजे जी माणसं खरोखर पुढे गेली ती. पहिल्या रकान्यात सगळंच येतं. लाइक, रागाचा चेहरा, हसरा चेहरा, कॉमेंट, शेअर, फोटो मोठा करून पाहणं, पानाच्या नावावर बोट लागणं, सारं काही. म्हणजे जाहिरातीखाली भांडण पेटलं की पहिला रकाना फुगतो. कोणी ‘नकली माल’ असं लिहिलं, त्यावर दहा जणांनी अंगठा दाखवला, वीस जणांनी कॉमेंटी उघडून वाचल्या, की क्लिकचं प्रमाण वर जातं. दुकानदाराला अहवाल दाखवणारा माणूस हाच रकाना दाखवतो, कारण तो मोठा दिसतो. सगळे खूश होतात आणि रोजचं बजेट वाढवतात.

आता एक हिशेब करून पाहू. तो समजुतीसाठी मांडलेला आहे, पण घडतं ते असंच. समजा जैनथमधल्या एका कृषी केंद्राने जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकीच्या एका वाणाची जाहिरात लावली. आजूबाजूची तीस किलोमीटरची गावं निवडली आणि जाहिरात दाबली की थेट दुकानाचं व्हॉट्सॲप उघडेल अशी सोय केली. पहिल्या तीन दिवसांत ती २०,००० वेळा दिसली. सगळे क्लिक ३६०, म्हणजे शेकडा १.८. दुव्यावरचे क्लिक २४० आणि व्हॉट्सॲपवर सुरू झालेली बोलणी ११०. कॉमेंटी २४ आल्या. त्यांपैकी १८ दर विचारणाऱ्या, ४ मित्राला बोलावणाऱ्या आणि २ तक्रारीच्या.

पुढच्या तीन दिवसांत ती २२,००० वेळा दिसली. सगळे क्लिक ५०६ झाले, म्हणजे शेकडा २.३. कागदावर ही सरळ प्रगती दिसते. दुव्यावरचे क्लिक २३१ म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्यांचं प्रमाण शेकडा १.२ वरून १.०५ वर आलं, पण एवढ्या फरकाने कोणी घाबरत नाही. बोलणी मात्र ११० वरून ७० वर आली. आणि कॉमेंटी ६१ झाल्या. त्यांत दर विचारणाऱ्या २२, इतर १२ आणि तक्रारीच्या २७.

या सगळ्यात सर्वांत जोरात हलला तो तक्रारींचा आकडा. जाहिरात दर हजार वेळा दिसली त्यामागे किती तक्रारी आल्या, असं मोजलं तर पहिल्या तीन दिवसांत ०.१ आणि पुढच्या तीन दिवसांत १.२ च्या वर. बारापट वाढ. त्याच काळात दुव्यावरच्या क्लिकमध्ये आठव्या हिश्श्याचाच फरक पडला. तक्रारी अशा हजारामागे मोजायच्या, कारण नुसती संख्या जाहिरात जास्त वेळा दिसली की आपोआप वाढते आणि दोन दिवसांची तुलनाच होत नाही.

बारापट ऐकून लगेच जाहिरात बंद करावी का? मी तसं सांगणार नाही. सत्तावीस तक्रारी म्हणजे सत्तावीस शेतकरी असं नसतं. आधी नावं मोजावी लागतात. एकच माणूस रागाने सहा वेळा लिहितो. समजा नावं मोजल्यावर पंधरा माणसं निघाली. मग ती कुठली, हे पाहायचं. पंधराही एकाच गावची असतील तर एखादं शिवार किंवा एखादी चावडीवरची चर्चा त्यामागे असू शकते. बेला, भोरज आणि नदीपलीकडची दोन गावं अशी विखुरलेली असतील तर प्रश्न मालाचा असण्याची शक्यता वाढते. त्यानंतर प्रत्येकाला दुकानाच्या नंबरावरून फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या. कधी लावलं, लावल्यावर पाऊस कधी पडला आणि थैलीवरचा लॉट नंबर काय आहे.

हे तीन प्रश्न का, ते कापूस लावणाऱ्याला सांगावं लागणार नाही. संकरित कापसाच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान शेकडा ७५ असावी, असं मानक आहे. म्हणजे सगळं नीट असलं तरी शंभर जागी टोबलेल्या दाण्यांपैकी पंचवीस उगवले नाहीत, तरी ते नियमात बसतं. नांग्या भराव्या लागतात त्या त्यामुळेच. त्यात कोणी मे अखेरीस कोरड्यात धूळपेरणी केली आणि एक सर येऊन पुढे आठ दिवस उघाड पडली, तर कोंब फुटून जमिनीतच सुकतो. त्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याचा राग खरा आहे, पण दोष थैलीत नसतो. पंधरांपैकी बारा जण धूळपेरणीवाले निघाले आणि लॉट वेगवेगळे असले, तर जाहिरातीत ‘पुरेशी ओल झाल्याशिवाय टोबू नका’ एवढी एक ओळ वाढवणं हाच इलाज. तेच पंधरांपैकी अकरा जणांनी पाऊस झाल्यावर लावलं असेल आणि अकराही थैल्या एकाच लॉटच्या असतील, तर जाहिरात त्याच क्षणी थांबवायची, त्या लॉटची विक्री थांबवायची, उरलेली पाकिटं बाजूला ठेवायची आणि कृषी विस्तार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. कापूस साधारण आठवड्याभरात उगवतो, त्यामुळे ही खबर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हाताशी असते. अजून दुसरी टोबणी करायला वेळ उरलेला असतो. हीच गोष्ट विक्रीच्या आकड्यांतून कळायची वाट पाहिली तर जुलै उजाडतो.

आमच्या भागात सीमेची एक वेगळी गुंतागुंत आहे. तीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्यात तेलंगणाही येतो आणि महाराष्ट्रही. गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र तुटावं म्हणून महाराष्ट्रात काही हंगामांत ठरावीक तारखेआधी कापसाचं बियाणं शेतकऱ्याला विकायला मनाई होती. अशा हंगामात घाई असलेले शेतकरी नदी ओलांडून इकडे येतात. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पलीकडच्या गावांतून येणाऱ्या ‘उगवलं नाही’च्या कॉमेंटी बहुधा लवकर लावणाऱ्यांच्या असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पुण्यात किंवा हैदराबादेत बसून तेच आकडे वाचेल आणि वेगळाच निष्कर्ष काढेल.

भाषेचाही प्रश्न आहेच. जैनथमधल्या एकाच जाहिरातीखाली मराठी, तेलुगू, हिंदी अशा तिन्ही भाषांतल्या कॉमेंटी येतात, आणि त्यातल्या कित्येक रोमन अक्षरांत. ‘नकिली वित्तनालु’ आणि ‘बोगस बियाणं’ या दोन्हींचा अर्थ एकच, पण मोजणाऱ्याला एकच भाषा येत असेल तर निम्मी तक्रार त्याच्या हिशेबात येत नाही. कॉमेंटींचा सूर आपोआप ओळखून चांगल्या-वाईटाचे ढीग लावणारी साधनं आहेत, आणि मोठ्या शहरांतल्या मोठ्या जाहिरातींना ती उपयोगी पडतात. वऱ्हाडी वळणाच्या मराठीपुढे मात्र ती चुकतात. ‘लय मस्त बियाणं हाय, झाड शोधाले भिंग घेऊन जा लागते’ यात ‘मस्त’ शब्द आहे म्हणून ते ही ओळ स्तुतीच्या ढिगात टाकतात. ‘यासारखं दुसरं वाण नाही’ यात ‘नाही’ दिसलं की ती निंदा ठरते. हसऱ्या चेहऱ्याचंही तसंच. सिनेमाच्या जाहिरातीवर हसरे चेहरे आले तर चांगलंच, पण एकरी उताऱ्याच्या दाव्यावर कोणी हसला असेल तर त्याने तो दावा मोडीत काढलेला असतो. दिवसाला वीस-तीस कॉमेंटी येत असतील तर इथली भाषा बोलणाऱ्या माणसाने त्या स्वतः वाचाव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे.

वाचल्यावर त्यांना खाणाखुणा लावायच्या त्या ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशा लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. शिवी वाईट असतेच, पण तिच्यातून काही कळत नाही. ‘सात दिवसांत काहीच निघालं नाही’ ही ओळ सभ्य असते आणि तिच्यात सगळं असतं. म्हणून पुस्तिकेत तक्रारीचे प्रकार विषयाप्रमाणे केले आहेत. उगवण, कीड, दर, दुकानदाराची वागणूक आणि जाहिरातीचा स्वतःचा त्रास, म्हणजे ‘किती वेळा तेच दाखवता’. या शेवटच्या प्रकाराचा मालाशी संबंध नसतो. लहान वर्तुळात जास्त पैसे लावले की त्याच माणसाला तीच जाहिरात आठवड्यात सात-आठ वेळा दिसते आणि तो वैतागतो. तिथे चित्र बदललं किंवा वर्तुळ वाढवलं की भागतं.

वैतागलेला प्रत्येक माणूस लिहीत नाही. बहुतेक जण जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ती लपवतात किंवा तक्रार नोंदवतात. ही दुसरी, मुकी नापसंती. फेसबुक ती आपल्या लिलावात धरतं. कोणती जाहिरात कोणाला दाखवायची हे फक्त बोलीवर ठरत नाही. माणूस अपेक्षित कृती करेल याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा हेही त्यात येतात, आणि लोकांनी ती किती लपवली याचा त्या दर्जावर परिणाम होतो. म्हणजे लपवणारे वाढले की तेवढ्याच पैशात जाहिरात कमी जणांना दिसू लागते. जाहिरातदाराला मात्र लपवणाऱ्यांचा आकडा सरळ मिळत नाही. पूर्वी, २०१५ पासून, एक ते दहा अशा प्रस्तुततेच्या गुणांसोबत नकारात्मक प्रतिसाद कमी, मध्यम की जास्त एवढं तरी दिसायचं. २०१९ मध्ये ते गुण गेले आणि त्यांच्या जागी तीन क्रमवाऱ्या आल्या. त्यातली Quality ranking ही आपल्या कामाची. जाहिरात किमान पाचशे वेळा दिसल्याशिवाय ती उमटत नाही, आणि उमटली तरी ‘सरासरीहून वर’, ‘सरासरी’ किंवा तळाचे पस्तीस, वीस, दहा टक्के एवढंच सांगते.

तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे. ती त्याच प्रेक्षकांसाठी झगडणाऱ्या इतर जाहिरातींच्या तुलनेत असते. जूनमध्ये अख्ख्या तालुक्याच्या फोनवर बियाण्याच्याच जाहिराती असतात. सगळ्यांचेच दावे फुगवलेले असतील, तर आपली फुगवलेली जाहिरातही ‘सरासरी’ दिसते. म्हणून ‘सरासरी’ वाचून निर्धास्त होऊ नये. सोमवारी सरासरी असलेली जाहिरात गुरुवारी तळाच्या वीस टक्क्यांत गेली, आणि त्याच दिवसांत दर हजार वेळा दिसण्याचा खर्च चढला, तर समजावं की लोक तिला लपवत आहेत. मग कॉमेंटी पुन्हा वाचाव्यात. मुक्या नापसंतीचं कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

आता गर्दीविषयी. नापसंतीचा लोंढा नेहमी गिऱ्हाइकांचाच असतो असं नाही. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलची होळीची जाहिरात आली. सायकलवरची मुलगी आपल्या मुसलमान मित्राला रंग न लागू देता मशिदीपाशी पोचवते, अशी ती होती. तिच्याविरुद्ध मोहीम उठली आणि संतापलेल्या काहींनी मायक्रोसॉफ्ट एक्सेल या हिशेबाच्या ॲपला एकेक तारा देऊन टाकला. साबणाचा राग तक्ते बनवणाऱ्या ॲपवर निघाला. अशा लोंढ्याची काही लक्षणं असतात. काही तासांत शेकडो कॉमेंटी येतात, शब्द न् शब्द सारखे असतात, लिहिणारे आपल्या वर्तुळाबाहेरचे असतात आणि वस्तूविषयी काही विचारलं तर उत्तर येत नाही. शेतकऱ्याची तक्रार याच्या अगदी उलट असते. ती दिवसागणिक हळूहळू वाढते, प्रत्येकाचे शब्द वेगळे असतात आणि तारीख, एकर, थैल्या असा तपशील तिच्यात न विचारताच येतो. तपशील असलेल्या पाच ओळी मी तपशील नसलेल्या पाचशेंच्या वर ठेवतो.

आता शेतकऱ्याची ही ओळ दुकानदारापर्यंत पोचताना कुठे अडते ते सांगतो. पहिली अडचण खुद्द जाहिरात चालवणारा तयार करतो. तो त्याच चित्राच्या चार प्रती करतो, दोन मराठी, दोन तेलुगू, वेगवेगळ्या गावांसाठी. प्रत्येक प्रतीखाली वेगळ्या कॉमेंटी जमतात आणि दुकानाच्या पानावर त्यातली एकही दिसत नाही. चार ठिकाणी विखुरलेल्या सात-सात तक्रारी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. त्यामुळे शक्य तिथे एकाच पोस्टचा क्रमांक सगळ्या जाहिरातींना वापरावा, आणि भाषेमुळे वेगळ्या कराव्याच लागल्या तर संध्याकाळी सगळ्यांची बेरीज एकाच वहीत मांडावी.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पानाच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते आणि ते शब्द असलेली कॉमेंट आपोआप झाकली जाते. ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, त्यामुळे झाकल्याचं त्यालाही कळत नाही. शिव्यांसाठी ही सोय योग्यच आहे. पण ‘बोगस’, ‘नकली’, ‘फसवणूक’ हे शब्द त्या यादीत घातलेले मी पाहिले आहेत. तसं केलं की जाहिरातीखाली शांतता दिसते, तक्रारींचा आकडा शून्यावर राहतो आणि दुकानदाराला सगळं ठीक वाटतं, तर तिकडे दुसरी थैली घ्यायला पैसे कुठून आणायचे या विचारात तो शेतकरी बसलेला असतो. हे तीन शब्द त्या यादीत कधीही घालू नयेत. जाहिरात हाती घेतल्यावर पहिल्याच दिवशी ती यादी उघडून पाहावी.

या सगळ्या मोजणीत एक माणूस सुटतो, त्याची आठवण ठेवूनच पुढची प्रकरणं वाचावीत. कॉमेंट लिहिणारे बहुतांश पुरुष असतात, स्मार्टफोन असलेले आणि लिहायची सवय असलेले. सरकी टोबायला आणि नांग्या भरायला वावरात वाकतात त्या बाया. कुठल्या तासात किती जागा रिकाम्या आहेत हे त्यांना घरधन्याच्या आधी ठाऊक असतं, आणि त्या फोनवर काही लिहीत नाहीत. दोन दिवसांनी त्यांच्यापैकी कोणी जैनथला किराण्याला आली की कृषी केंद्रापाशी थांबून तोंडी सांगते. म्हणून पुस्तिकेतल्या रोजच्या नोंदीच्या तक्त्यात कॉमेंटींच्या रकान्याशेजारी दुकानात तोंडी आलेल्या तक्रारींचा रकाना दिला आहे, त्याच पाच विषयांचा, गाव आणि लॉट नंबरासहित. तो दुकान बंद करण्याआधी गल्ल्यावर बसणाऱ्यानेच भरायचा आहे.